ट्रेड टेस्ट: एक कोंबडी आणि दोन तास

प्रश्न: मी कोल्हापुरात एका मोठ्या मांसाहारी हॉटेलात पाच वर्षं स्वयंपाकी आहे. पुण्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलने इंडियन सेक्शनला कॉमी-१, म्हणजे शेफच्या हाताखालच्या स्वयंपाक्याच्या, जागेसाठी बोलावलंय. आधी दोन तासांची ट्रेड टेस्ट, मग मुलाखत. स्वच्छतेवर बरंच विचारतात म्हणे, आणि गर्दीत डोकं शांत राहतं का तेही बघतात. माझ्याकडे डिप्लोमा नाही. काय बनवू आणि तयारी कशी करू?

उत्तर:

मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये आहे आणि अशा टेस्टना परीक्षक म्हणून बसते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. कॉमी-१ कडून आम्हाला नवा पदार्थ नको असतो. हा माणूस उद्या सकाळी सेक्शनवर उभा केला तर त्याच्यामागे कुणाला उभं राहावं लागेल का, एवढंच आम्ही बघत असतो. ते चवीवरून थोडं कळतं, कामाच्या क्रमावरून जास्त कळतं. तुम्ही काय आधी करता, काय नंतर, मध्ये टेबल कसं ठेवता, यातच स्वच्छता आणि डोक्याची शांतता दोन्ही दिसून येतात. म्हणून स्वयंपाक, स्वच्छता आणि शांत डोकं या तीन गोष्टींची तयारी वेगवेगळी करू नका. एकच मेनू घ्या आणि तो घड्याळ लावून घरी पुन्हा पुन्हा करा.

इंडियन सेक्शनच्या टेस्टला बहुतेक वेळा एक अख्खी कोंबडी, तांदूळ, कांदे, टोमॅटो, आलं-लसूण, दही, काजू, नारळ, सुकं खोबरं, खडा मसाला, काकडी, कोथिंबीर असं सामान समोर ठेवतात आणि चार जणांपुरतं जेवण करायला सांगतात. शेफने पदार्थाचं नाव सांगितलं तर तोच करायचा, त्यात चर्चा नाही. पण निवड तुमच्यावर सोडली तर बटर चिकनकडे जाऊ नका. मखनी आमच्याकडे रोज मोठ्या हंडीत बनते, समोर बसलेल्या शेफच्या जिभेवर तिची एकच चव पक्की बसलेली असते, आणि दोन तासांत तुमची तिच्याजवळ जाणार नाही. तुम्ही कोल्हापूरचे आहात. पांढरा रस्सा, कांदा-खोबऱ्याच्या मसाल्यातलं चिकन, साधा जिरा भात आणि काकडीची कोशिंबीर करा. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्याचा असतो हे मला ठाऊक आहे, पण इथे तो कोंबडीच्या हाडांच्या पाण्यावर करण्यात एक फायदा आहे: अख्खी कोंबडी वापरली जाते, टाकाऊ काही उरत नाही. परीक्षक कचऱ्याच्या भांड्यात डोकावतो हे लक्षात ठेवा. मीही डोकावते.

मसाल्याबद्दल एक सूचना. घरचा कांदा-लसूण मसाला डब्यात घालून नेऊ नका. बाहेरून आणलेला खाद्यपदार्थ हॉटेलच्या किचनमध्ये शक्यतो चालत नाही. फोन येईल तेव्हा विचारा, आणि नको म्हणाले तर तिथल्या सुक्या मिरच्यांवर काम करायची तयारी ठेवा. ब्याडगीने रंग येतो, तिखटपणासाठी दुसरी मिरची बेताने घालावी लागते. काश्मिरी मिरचीची पूडच मिळाली तर तिखट कमी पडेल हे धरून चाला.

आता दोन तास. समजा दहाला सुरू झालं.

पहिली दहा मिनिटं सुरीला हात लावू नका. हात कोपरापर्यंत धुवा, साबणाने निदान २० सेकंद, नखांच्या खालीसुद्धा. सामान तपासा. कोंबडीचा वास घ्या, बोटाने दाबून बघा. चिकट वाटली किंवा आंबूस वास आला तर लगेच शेफना सांगा, कारण कधीकधी मुद्दाम शंकास्पद माल ठेवलेला असतो. खसखस, तीळ आणि काजू गरम पाण्यात भिजत घाला. खसखस भिजली नाही तर वाटताना रवाळ राहते आणि रस्सा दाताखाली कचकचतो. मग कागदावर वेळापत्रक लिहा, चार-पाच ओळींचं, आणि ते टेबलावर दिसेल असं ठेवा. यात माझा थोडा पक्षपात असेल, पण ज्याने कागद भरला त्याच्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

यानंतर या टेस्टमधली सगळ्यात अवघड जागा येते. घड्याळ म्हणतं, कोंबडी आधी कापा, कारण हाडांचं पाणी उकळायला पाऊण तास लागतो. स्वच्छतेचा नियम म्हणतो, कच्ची कोंबडी शेवटी, कारण कोशिंबीर शिजत नाही आणि कोंबडीवरचे जंतू तिला लागले तर ते मारायला पुढे आच नाही. दोन्ही बरोबर आहेत. मार्ग असा की कच्चं खायचं तेवढंच आधी उरका. काकडी आणि कोथिंबीर क्लोरीनच्या पाण्यात, साधारण ५० पीपीएम, बुडवून मग साध्या पाण्याने धुवा. हिरव्या बोर्डवर काकडी कोचवा, कोथिंबीर चिरा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आणि दही आता नको, काकडीला पाणी सुटेल. सव्वादहा-दहा वीसपर्यंत हे होतं. मग कोंबडी. कांदा-टोमॅटो कोंबडीनंतर चिरले तरी चालतात, कारण ते आचेवर जाणार आहेत, पण बोर्ड आणि सुरी बदलूनच.

बोर्डाच्या रंगांबद्दल पुस्तकातून पाठ करून गेलात तर फसाल. लाल कच्च्या मांसाला, निळा मासळीला, हिरवा भाज्या-फळांना, हे बहुतेक ठिकाणी सारखं आहे. पिवळ्याचं तसं नाही. काही किचनमध्ये पिवळ्यावर कच्ची कोंबडी कापतात, काहींमध्ये शिजलेलं मांस. या दोन्हींची अदलाबदल म्हणजे सरळ विषबाधेला आमंत्रण. भिंतीवर तक्ता असतो. तो वाचा, आणि तरीही एकदा विचारा: ‘‘शेफ, तुमच्याकडे कोंबडीला कुठला बोर्ड?’’ या प्रश्नाने तुमचे गुण वाढतात.

कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नका. कोल्हापुरात सगळे धुतात, मला माहीत आहे, पण पाण्याचे शिंतोडे बाजूच्या टेबलापर्यंत उडतात आणि जंतू सोबत नेतात. कागदाने टिपून घ्या. त्या हॉटेलची पद्धत धुण्याची असेल तर कच्च्या मांसासाठी वेगळं सिंक असेल, तिथे हळू धारेत धुवा. सव्वा किलोच्या कोंबडीच्या तंगड्या आणि मांड्या हाडासकट आठ तुकड्यांत करा. छातीचं मांस हाडापासून सोडवून मोठे तुकडे करा. पाठ, मान, पंखांची टोकं आणि छातीचं हाड अळणी पाण्यासाठी. तुकड्यांना मीठ, हळद, आलं-लसूण चोळताना तंगडीचे आणि छातीचे तुकडे दोन भांड्यांत ठेवा, कारण त्यांच्या शिजण्याच्या वेळा वेगळ्या आहेत. ही भांडी झाकून फ्रिजच्या खालच्या फळीवर. कोशिंबीर वर, कच्चं मांस खाली. उलटं ठेवलं आणि वरून एक थेंब गळला, तर तेवढ्यावरही टेस्ट संपू शकते.

हाडं दीड लिटर गार पाण्यात चढवा. गार पाण्यापासून सुरू केलं की फेस हळूहळू वर येतो आणि काढता येतो. थेट उकळत्या पाण्यात टाकली की फेस आतच फुटतो आणि पाणी गढूळ होतं, मग पांढरा रस्सा राखाडी दिसतो. दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, आल्याची चकती. हळद अजिबात नाही. मंद आचेवर पाऊण तास.

दहा चाळीसला थांबा आणि टेबल साफ करा. बोर्ड आणि सुरी धुवायला, टेबल आधी साबणाने पुसून मग सॅनिटायझर, हात पुन्हा धुवायचे, ॲप्रनला कोंबडी लागली असेल तर ॲप्रन बदलायचा. याला पाच-सात मिनिटं जातात. मुलं हीच मिनिटं वाचवायला जातात. एकाच फडक्याने कोंबडीचा बोर्ड, सुरी आणि मग ताटलीची कड पुसणारा उमेदवार पहिल्या तासातच बाद होतो, रस्सा कितीही चांगला असो. दोन फडकी ठेवा, एक कोरडं गरम भांडी धरायला, एक सॅनिटायझरमध्ये बुडवलेलं टेबलासाठी. खांद्यावर एकही नको.

हातमोज्यांबद्दल इथेच सांगते. मोजे घातले की हात स्वच्छ झाले असं काही नाही. मोजा घातलेल्या हाताने कोंबडी धरली आणि त्याच हाताने मिठाच्या डब्यात बोटं घातली, तर मोजा नसता तरी हेच झालं असतं. कच्च्या मांसाला मोजे घाला, काम झालं की टाका, आणि हात धुवा.

पावणेअकराला तांदूळ धुऊन भिजत घाला आणि मसाल्याला लागा. तीन मध्यम कांदे उभे चिरून तेलावर सोनेरी, मग तपकिरी होईपर्यंत. सुकं खोबरं वेगळं, मंद आचेवर. ते कांद्यात टाकून भाजू नका, खोबरं आधी करपतं आणि कांदा कच्चाच राहतो. तीळ, धणे, मिरच्या, खडा मसाला शेवटी, वास सुटेपर्यंतच. सगळं गार करून वाटा. अकरा दहाला हंडीत तेल, मसाला, टोमॅटो. तेल कडेने सुटलं की तंगडीचे तुकडे आणि हाडांच्या भांड्यातलं थोडं पाणी. दहा-बारा मिनिटांनी छातीचे तुकडे. सगळं एकदम टाकलं तर तंगडी शिजेपर्यंत छाती चोथ्यासारखी होते, आणि शेफ नेमका तोच तुकडा उचलतो.

अकरा वीस ते अकरा चाळीसमध्ये भात आणि रस्सा. भिजलेलं खसखस-तीळ-काजू गुळगुळीत वाटा, तुपावर आलं-लसूण, हिरवी मिरची आणि हे वाटण मंद परता, रंग बदलू देऊ नका. गाळलेलं अळणी पाणी साधारण अर्धा लिटर घालून एक उकळी आणा. मग आच कमीत कमी करा आणि नारळाचं दाट दूध, दोनशे मिलिलिटरच्या आसपास, हळूहळू घाला. यानंतर रस्सा उकळायचा नाही. वाफा निघाल्या पाहिजेत, बुडबुडे नकोत.

शिजलं का ते बोटाने सांगू नका. प्रोब थर्मामीटर मागा, सॅनिटायझरने पुसा, तंगडीच्या सगळ्यात जाड भागात घाला, पण हाडाला टेकवू नका, हाडाशेजारचा आकडा फसवतो. ७५ अंश दिसले आणि किमान १५ सेकंद टिकले की झालं. आकडा मोठ्याने सांगा. चव घ्यायला दर वेळी नवा चमचा. चमचा चाटून परत हंडीत, ही सवय पाच वर्षांची असेल तर ती आजच मोडायला घ्या, कारण टेस्टच्या दिवशी हात नकळत तेच करतो.

अकरा चाळीसला कोशिंबीर कालवा, गरम आणि गार ताटल्या वेगळ्या लावून ठेवा, अकरा पन्नासला वाढा. दहा मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवली आहेत, कारण काहीतरी बिघडतंच.

काय बिघडेल? या मेनूत दोन जागा आहेत. पहिली, रस्सा फुटणं. वर पांढरे कण तरंगू लागले आणि खाली पाणी पातळ दिसलं की समजायचं, दूध फाटलं, आच जास्त झाली. ढवळत बसू नका, ढवळून ते परत जुळत नाही. लगेच आचेवरून उतरवा, थोडं गार होऊ द्या, चमचाभर काजूचं वाटण घालून मिक्सरमध्ये फिरवा, गाळा, आणि पुन्हा नुसतं कोमट करा. भांडं अर्धंच भरा आणि झाकणावर फडकं धरा, वाफेने झाकण उडतं. रस्सा पहिल्यासारखा रेशमी होत नाही, पण वाढण्यासारखा होतो. दुसरी जागा, खोबरं करपणं. यावर मात्र इलाज नाही. कडवटपणा साखरेने, दह्याने, कशानेही जात नाही. तो मसाला टाकून नवा भाजायचा.

एका टेस्टमध्ये नेमकं हेच झालेलं मी पाहिलं आहे. मुलाचं लक्ष भाताकडे गेलं आणि खोबरं काळं पडलं. त्याने आच बंद केली, कढई बाजूला केली आणि शेफकडे बघून म्हणाला, ‘‘शेफ, मसाला लागला. पुन्हा भाजतोय, सात-आठ मिनिटं मागे पडेन. भात आधी उतरवतो.’’ मग खरंच भात आधी उतरवला, कोशिंबीर उरकली आणि मसाला नव्याने केला. ताटली उशिरा आली, गुण थोडे कापले, पण त्याला घेतलं. शांत डोकं म्हणतात ते आम्हाला तिथे दिसलं: काय झालं, काय करतोय, किती वेळ लागेल, तीन गोष्टी एका दमात. गर्दीच्या रात्री पासवर, म्हणजे तयार ताटल्या बाहेर जातात त्या टेबलावर, उभ्या असलेल्या शेफला नेमक्या याच तीन गोष्टी हव्या असतात, कारण त्यावरून तो वेटरला सांगतो, पाहुण्याला काय सांगायचं ते. जो गप्प राहून करपलेला मसाला दह्यात लपवतो, तो सेवेच्या वेळीही लपवेल.

काही शेफ मुद्दाम अडथळा आणतात. मध्येच बर्नर बंद करतात, ‘‘एक ताटली जैन हवी’’ म्हणतात, किंवा वेळ पंधरा मिनिटांनी कमी करतात. रागावू नका आणि लगेच ‘‘हो’’ही म्हणू नका. जैन ताटली मागितली तर म्हणा, ‘‘शेफ, मसाल्यात कांदा-लसूण आहे, रस्सा हाडांच्या पाण्याचा आहे. भात जिरं-तुपाचा आणि काकडी-दही वेगळ्या भांड्यातून देतो, सोबत टोमॅटो-काजूची भाजी नव्या कढईत करतो, आलं न घालता.’’ हंडीतून तुकडे काढून ‘‘यात कांदा दिसत नाही’’ म्हणणारे लोक असतात. शेंगदाणा किंवा काजूची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याच्या बाबतीत हाच निष्काळजीपणा जिवावर बेततो, म्हणून ही चाचणी घेतात.

वाढून झालं की बर्नर बंद करा, टेबल पुसा, उरलेलं अळणी पाणी टाकू नका. उथळ भांड्यात ओतून, नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. त्यासाठी खिशात मार्कर हवा.

आता मुलाखत. स्वच्छतेवरचे प्रश्न साधारण ठरलेले असतात आणि तिथे डिप्लोमावाले व्याख्या सांगतात. तुम्ही काम सांगा. सगळ्यात आवडता प्रश्न: ‘‘रात्री दहा लिटर ग्रेव्ही उरली, काय कराल?’’ ‘‘फ्रिजमध्ये ठेवतो’’ हे चुकीचं उत्तर आहे. हंडी तशीच वॉक-इन कोल्ड रूममध्ये ढकलली तर कडा गार होतात आणि मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश हा जंतू वाढायचा टापू, आणि ग्रेव्ही तिथेच रेंगाळते. वर फ्रिजमधलं बाकी सामानही गरम होतं. उत्तर असं द्या: उथळ ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त थर न देता ओतीन, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळीन, ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या दोन तासांत आणीन, झाकून लेबल लावीन, वापरताना ७५ अंशांपर्यंत एकदाच गरम करीन, आणि उरली तर पुन्हा ठेवणार नाही. हे आकडे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, केटरिंगच्या तपासणी यादीतले आहेत. हॉटेलचे स्वतःचे आकडे थोडे कडक असू शकतात.

भाताबद्दलही विचारतात, आणि इथे बरेच जण अडखळतात. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं उकळूनही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे ‘‘उद्या चांगला परतून फ्राइड राइस करतो’’ हे उत्तर देऊ नका. भात ६० च्या वर गरम ठेवायचा किंवा लगेच पसरून गार करायचा, एवढंच.

दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘‘सकाळी पोट बिघडलंय, पण शनिवार आहे, माणसं कमी आहेत. काय कराल?’’ निष्ठा दाखवायला ‘‘तरी येईन’’ म्हणू नका. जुलाब किंवा उलट्या असतील तर शेफना कळवायचं, अन्नाला हात लावायचा नाही, आणि लक्षणं थांबल्यानंतरही ४८ तास किचनबाहेर राहायचं. बोट कापलं तर निळी पट्टी आणि वरून मोजा. निळी यासाठी की जेवणात निळं काही नसतं, पडली तर दिसते. थर्मामीटर बरोबर आहे हे कसं कळतं, असं विचारलं तर: बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवायचा, शून्य दाखवला पाहिजे.

तुमच्या सध्याच्या हॉटेलात तापमानाची वही नसेल. विचारलं तर ‘‘आम्ही रोज नोंद करायचो’’ असं सांगू नका, पुढचा प्रश्न ‘‘वहीत कुठले रकाने होते?’’ असा येतो. सरळ सांगा की नोंद नव्हती, पण मी एफएसएसएआयचं फॉस्टॅक प्रशिक्षण घेतलं आहे. टेस्टच्या आधी ते खरंच घ्या, बेसिक केटरिंगचं एका दिवसाचं असतं. सोबत वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि टायफॉइडच्या लसीची नोंद न्या. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी कायद्याने लागतेच, आणि ही कागदपत्रं आधीच हातात असलेला उमेदवार सोयीचा पडतो. डिप्लोमाची उणीव यापेक्षा जास्त झाकता येत नाही, आणि कॉमी-१ ला तशी गरजही पडत नाही.

गर्दीबद्दलचा प्रश्न बहुधा असा येतो: ‘‘शनिवारी रात्री नऊला पासवर बारा केओटी लागल्या आहेत, तुम्ही करी सेक्शनवर एकटे. सांगा.’’ ‘‘मी प्रेशर हँडल करतो’’ या वाक्याला काही किंमत नाही. हाताने काय कराल ते सांगा. आधी वीस सेकंद हात थांबवून सगळ्या केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, वाचायच्या. एकाच बेसवरचे पदार्थ एकत्र मोजायचे: चार टेबलांचे मिळून सहा कढाई, तीन मखनी, दोन कोल्हापुरी. सगळ्यात जास्त वेळ लागणारी वस्तू, समजा कच्च्यापासून करायचं मटण, आधी चढवायची. मग तंदूरला आवाज द्यायचा की टेबल चौदाचे नान आठ मिनिटांनी टाका, नाहीतर नान आधी येऊन गार पडतात. पण सहा कढाई एकदम एका भांड्यात करायच्या नाहीत. दोन टेबलांच्या एकत्र चालतील, सहाही एकदम केल्या तर तिसऱ्या टेबलाची ताटली पासवर थंड होत पडते. आणि मागे पडतोय असं वाटलं की दहा मिनिटं आधी सांगायचं. ताटली मागितल्यावर ‘‘दोन मिनिटं शेफ’’ हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, कारण ती दोन मिनिटं कधीच दोन नसतात.

कोल्हापुरात रविवारी दुपारी तांबड्या-पांढऱ्याच्या ताटांची रांग लागते तेव्हा तुम्ही यातलं निम्मं करतच असाल. मुलाखतीत तोच अनुभव सांगा: किती ताटं एका वेळी, कोण काय करायचं, रस्सा कमी पडू लागला तर कधी कळायचं आणि काय करायचात. वाढीव पाणी घालून रस्सा पुरवला असेल तर ते सांगू नका. राखीव अळणी पाणी आणि वाटण वेगळं ठेवत असाल तर ते नक्की सांगा, त्यालाच आम्ही मीझाँ प्लास म्हणतो आणि तेवढ्या एका शब्दाने समोरचा शेफ तुमच्याशी आपल्या भाषेत बोलू लागेल.

चाखून झाल्यावर शेफ विचारतात, ‘‘यात काय बदलाल?’’ ‘‘काही नाही’’ म्हणू नका आणि सगळं वाईट झालं असंही नको. एक नेमकी गोष्ट सांगा, उदाहरणार्थ, रस्सा एका मिनिटाने आधी उतरवला असता तर रेशमी राहिला असता.

नेण्याच्या वस्तू: पांढरा कोट, टोपी, दोन ॲप्रन, पुढून बंद आणि न घसरणारे बूट, स्वतःची धार लावलेली सुरी कव्हरमध्ये, मार्कर, छोटी वही. अंगठी, घड्याळ, हातातला धागा उतरवून ठेवा. धागा उतरवायला तुमची हरकत असेल तर आधीच विचारून घ्या, काही हॉटेलं बाहीखाली झाकून चालवून घेतात. आणि हाच मेनू पुढे कधी आखाती देशांच्या टेस्टला नेणार असाल तर खसखस वगळा. यूएई आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे, तिथला शेफ खसखस मागणाऱ्या स्वयंपाक्याला तयारी नसलेला समजतो. मगजबी किंवा जास्त काजूवर तोच रस्सा दाट होतो.

शेवटी तुम्हालाही विचारायला सांगतील. पगार ते स्वतःच सांगतात. तुम्ही ब्रेक-शिफ्ट आहे का, सुट्टी कुठल्या दिवशी, स्टाफची राहण्याची सोय आहे का, आणि सहा महिन्यांनी तंदूरवर फिरवतात का, हे विचारा. ब्रेक-शिफ्टमध्ये दुपारी चार तास मध्येच मोकळे जातात आणि घर लांब असेल तर ते सगळे स्टेशनवर बसून काढावे लागतात, म्हणून राहण्याची सोय आधी ठरवून मगच होकार द्या.